उत्तर काढण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे दिवस जवळ आले, की माजी विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर एका ठरावीक प्रकारचे निरोप येऊ लागतात. धाकटा भाऊ, पुतणी, शेजारचा मुलगा किंवा वसतिगृहातला ओळखीचा विद्यार्थी प्रयोगवहीतील आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवतो आणि खाली एकच ओळ लिहितो : "दादा, यावरून उत्तर काढून द्या ना." पाठवणाऱ्याला घाई असते आणि घेणाऱ्याला सूत्र पाठ असते. गणनयंत्रावर दोन मिनिटांत उत्तर निघते, ते परत पाठवले जाते आणि दोघांनाही काम झाल्याचे समाधान मिळते. मात्र त्या आकड्यांनी नेमके काय सांगितले, हे दोघांपैकी कोणालाच कळलेले नसते.

असे आकडे समोर आल्यावर गणिताला हात घालण्यापूर्वी काय विचारावे आणि का विचारावे, हे एका उदाहरणाच्या आधारे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे. उदाहरण अगदी साधे निवडले आहे. दोरा, धातूचा एक लहान गोळा, लाकडी स्टँड आणि घड्याळ एवढ्या साहित्यावर होणारा साध्या दोलकाचा प्रयोग बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी केलेला असेल. ज्यांनी तो केलेला नाही, त्यांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक डोळ्यांसमोर आणला तरी पुरे.

आलेला निरोप

समजा, निरोपात एवढेच लिहिले आहे :

लांबी : ९८
आंदोलने : २०
वेळ : ३८.२१
यावरून g काढा.

येथे g म्हणजे गुरुत्वीय त्वरण. उंचावरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो, तेवढे त्याचे मूल्य. ते मोजण्यासाठी वस्तू खाली पाडण्याची गरज नसते. दोऱ्याला टांगलेला गोळा एका बाजूला थोडासा नेऊन सोडला, की तो एका लयीत मागेपुढे झुलतो. एकदा जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेला दोलनकाल म्हणतात. झोका लहान असेल, तर हा दोलनकाल गोळ्याच्या वजनावर अवलंबून नसतो. तो फक्त दोलकाच्या लांबीवर आणि g वर अवलंबून असतो. लांबी L आणि दोलनकाल T मानल्यास सूत्र असे होते :

g = 4π²L/T²

आता काहीही न विचारता आकडे सूत्रात घालू. ९८ हे सेंटिमीटर आहेत असे धरले तर लांबी ०.९८ मीटर होते. ३८.२१ सेकंदांना २० ने भागले की दोलनकाल १.९१ सेकंद येतो. उत्तर निघते १०.६. पुस्तकात तर ९.८ छापलेले आहे.

खरी कसोटी येथे लागते. विद्यार्थ्याला वाटते की आपला प्रयोग फसला. परीक्षक ९.८ च्या जवळचे उत्तर पाहून गुण देतील, अशी त्याची समजूत असते. मग वहीतील ३८.२१ खोडून तेथे ३९.७ लिहिण्याचा मोह होतो, कारण तेवढे लिहिले की उत्तर बरोबर ९.८ येते. हे ३९.७ सेकंद कोणत्याही घड्याळाने दाखवलेले नसतात. ते उत्तराकडून उलटे चालत येऊन वहीत बसलेले असतात. अशा वहीत हस्ताक्षर सुंदर असते आणि आकृती नीटनेटकी असते, परंतु प्रयोग तेवढा झालेला नसतो. निरोप घेणाऱ्या थोरल्या भावाने नुसते १०.६ कळवले, तर तोही नकळत या मोहाला हातभार लावतो. त्याने उत्तराऐवजी प्रश्न पाठवले, तर काय घडते ते पाहू.

पहिला प्रश्न : हे ९८ कशाचे, आणि कोठून कोठपर्यंत?

एककाशिवाय लिहिलेली संख्या अर्धवट असते. बाजारात कोणी नुसते "पाच द्या" म्हटले, तर दुकानदार किलो की पाव, असे विचारल्याशिवाय तराजूला हात लावत नाही. प्रयोगशाळेतही तोच नियम आहे. ९८ सेंटिमीटर असतील, इंचही असतील. ही शंका पोकळ नाही. मीटरपट्टी सापडली नाही, की मुले शिंप्याची फीत घेतात, आणि त्या फितीच्या एका बाजूस सेंटिमीटर, तर दुसऱ्या बाजूस इंच असतात.

येथे एक सोपी तपासणी करता येते. ९८ इंच म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. एवढ्या लांबीच्या दोलकाला २० आंदोलनांसाठी सुमारे ६३ सेकंद लागले असते. विद्यार्थ्याची वेळ ३८ सेकंद आहे, म्हणजे इंचांची शक्यता मिटली. एककाचा घोटाळा बहुधा असा ढोबळ असतो. तो उत्तर थोडेसे बिघडवत नाही, तर पार कोठल्या कोठे नेऊन ठेवतो, आणि म्हणूनच अंदाजाची सवय असलेल्या माणसाला तो लगेच दिसतो. ९८ सेंटिमीटर मीटरमध्ये न आणता तसेच सूत्रात घातले, तर उत्तर १०६० च्या घरात जाते. हे उत्तरही स्वतः चूक नव्हे. ते सेंटिमीटर दर सेकंद वर्ग या एककात आहे. त्यापुढे मीटरचे एकक लिहिले, की चूक होते.

परंतु एकक कळले म्हणजे लांबी कळली असे होत नाही. सूत्रातील L ही दोऱ्याची लांबी नव्हे. दोरा जेथे पकडला आहे त्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे L. म्हणून पुढे विचारावे : "तू माप कोठपर्यंत घेतलेस?" विद्यार्थी बहुधा सांगतो की बुचाच्या फटीपासून गाठीपर्यंत, म्हणजे गोळ्याच्या हुकापर्यंत. तेथपर्यंतच पट्टी सहज टेकते, म्हणून तो तेथेच थांबलेला असतो. आता हुकाची उंची ०.८ सेंटिमीटर आहे आणि व्हर्निअर कॅलिपरने मोजलेला गोळ्याचा व्यास २.४ सेंटिमीटर आहे असे धरू. व्यासाचा अर्धा १.२. हुकाचे ०.८ आणि हे १.२ मिळून २ सेंटिमीटर मोजणीतून सुटले होते. खरी लांबी ९८ नसून १०० सेंटिमीटर आहे.

दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे लांबीत दोन टक्क्यांचा फरक, आणि तेवढाच फरक g मध्येही पडतो. मात्र येथे एक विचित्र गोष्ट दिसते. लांबी वाढवली की g आणखी वाढते. १०.६ चे उत्तर आता १०.८ होते. एक चूक दुरुस्त केली आणि उत्तर पुस्तकापासून आणखी दूर गेले. पुस्तकातील उत्तराकडे पाहून प्रयोग तपासणारा येथे गोंधळतो आणि केलेली दुरुस्ती मागे घेतो. प्रयोगाकडे पाहून प्रयोग तपासणारा मात्र समजतो की दुसरी, अधिक मोठी चूक अजून सापडायची आहे.

दुसरा प्रश्न : किती वेळा मोजलेस?

निरोपात वेळेचा एकच आकडा होता. एकच वाचन म्हणजे एकच साक्षीदार. तो खरे बोलतो की खोटे, हे त्याच्याकडे पाहून ठरवता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याला सांगावे : "दोरा तोच ठेव, लांबी तीच ठेव, आणि पुन्हा पाच वेळा वीस-वीस आंदोलने मोजून पाठव. उत्तराची चिंता करू नकोस."

दुसऱ्या दिवशी आकडे येतात : ४०.३, ४०.०, ४०.२, ४०.१ आणि ४०.२ सेकंद.

आता जुने वाचन या पाचांशेजारी ठेवून पाहावे. नव्या पाचांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतील अंतर ०.३ सेकंद आहे. जुना आकडा मात्र त्यांच्या सरासरीपासून जवळपास २ सेकंदांनी कमी आहे. हाताच्या किंवा नजरेच्या गफलतीने एवढा फरक पडत नाही. आणि या दोलकाचा दोलनकालच मुळी सुमारे २ सेकंद आहे! फरक बरोबर एका आंदोलनाएवढा असेल, तर चूक घड्याळात शोधू नये, मोजणीत शोधावी.

ही चूक प्रयोगशाळेत नेहमीची आहे. विद्यार्थी गोळा एका ठिकाणाहून जाताना घड्याळ सुरू करतो आणि त्याच क्षणी "एक" म्हणतो. गोळा परत तेथे आला की "दोन" म्हणतो. "वीस" म्हणून घड्याळ थांबवतो, तेव्हा एकोणीसच आंदोलने पूर्ण झालेली असतात. घड्याळ सुरू करताना "शून्य" म्हणायचे असते, हे कोणी मुद्दाम सांगितले नाही, तर लक्षात येत नाही. कुंपणाला वीस खांब असले, तरी खांबांमधल्या जागा एकोणीसच असतात, तसाच हा प्रकार आहे.

तर्क खरा की खोटा, हे पडताळता येते. जुने ३८.२१ सेकंद २० ऐवजी १९ ने भागले, तर दोलनकाल २.०११ सेकंद येतो. नव्या पाच वाचनांची सरासरी ४०.१६ सेकंद, आणि तिच्यावरून दोलनकाल २.००८ सेकंद. दोन्ही अगदी शेजारी बसतात. ३८.२१ हे खोटे वाचन नव्हतेच. घड्याळाने खरे सांगितले होते, फक्त त्या आकड्याशेजारी लिहिलेले २० चुकीचे होते. ज्या आकड्याला खोडून ३९.७ लिहिण्याचा मोह झाला होता, तोच आकडा चूक कोठे आहे हे दाखवणारा ठरला. तो खोडला असता, तर हे कधीच कळले नसते.

म्हणून जुने वाचन वहीतून पुसू नये. त्यावर एक आडवी रेघ मारावी, आकडा वाचता येईल असा ठेवावा आणि बाजूला "एकोणीस आंदोलने मोजली गेली" असे लिहावे. एखादे वाचन बाजूला ठेवण्याचा अधिकार त्यामागचे कारण सापडल्यावर मिळतो. ते गैरसोयीचे आहे, एवढे कारण पुरत नाही.

तिसरा प्रश्न : या आकड्यावर किती भरवसा?

भ्रमणध्वनीवरचे घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. म्हणून विद्यार्थ्याने ३८.२१ असे लिहिले. पण घड्याळ काय दाखवू शकते आणि माणूस काय मोजू शकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळा खुणेपाशी आल्याचे डोळ्याला दिसणे आणि अंगठ्याने कळ दाबणे यांत साधारणपणे सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. त्यामुळे ३८.२१ मधला शेवटचा १ हा निव्वळ योगायोग असतो. पाच वाचनांत जो ०.३ सेकंदांचा पसारा दिसला, तो या अंगठ्याचा पसारा आहे. घड्याळाचे लघुतम माप ०.०१ सेकंद असले, तरी आपल्या मोजणीचा भरवसा तेवढा नाही, हे वारंवार मोजल्यामुळेच कळले.

वीस आंदोलने एकत्र मोजण्यामागेही हेच कारण आहे. एकच आंदोलन मोजले, तर २ सेकंदांत ०.२ सेकंदांची चूक म्हणजे दहा टक्के होतात. सूत्रात दोलनकालाचा वर्ग येत असल्याने ती g मध्ये दुप्पट होऊन वीस टक्क्यांवर जाते. वीस आंदोलनांतही अंगठ्याची चूक सुरुवातीस एकदा आणि शेवटी एकदाच होते, पण आता ती ४० सेकंदांत वाटली जाते. तीच ०.२ सेकंदांची चूक अर्ध्या टक्क्यावर येते. पुन्हा पाच वेळा मोजून सरासरी घेतली, की ती आणखी घटते. घड्याळ सुरू करण्याची खूणही गोळा ज्या ठिकाणी सर्वांत वेगाने जातो, त्या मधल्या जागी ठेवावी. टोकाशी गोळा क्षणभर रेंगाळतो आणि तो नेमका केव्हा वळला, हे डोळ्याला ठरवता येत नाही.

आता दोन्ही मापांचा भरवसा लिहू. पाच वेळांच्या सरासरीबद्दल थोडे सढळ हाताने ०.१ सेकंदाची अनिश्चितता मानू. ती ४० सेकंदांत पाव टक्का होते. लांबी मोजताना गाठ, बुचाची फट आणि गोळ्याचा मध्य यांचा विचार करता ०.२ सेंटिमीटरची अनिश्चितता मानणे योग्य होईल. ती १०० सेंटिमीटरमध्ये ०.२ टक्के होते. वेळेचा पाव टक्का वर्गामुळे दुप्पट होऊन अर्धा टक्का झाला. त्यात लांबीचे ०.२ टक्के मिळवले, की एकूण ०.७ टक्के.

आणि आता, सर्व प्रश्न विचारून झाल्यावर, गणित :

g = 4π² × 1.000/(2.008)² = 9.79

०.७ टक्के म्हणजे ०.०७. म्हणून उत्तर असे लिहावे : g = ९.७९ ± ०.०७ मीटर दर सेकंद वर्ग. गणनयंत्राच्या पडद्यावर दशांश चिन्हापुढे आठ अंक दिसत असले, तरी तिसऱ्या अंकापासून पुढे लिहिण्यासारखे काही नाही. जेथे दुसरा अंकच सातने इकडे-तिकडे होऊ शकतो, तेथे सातवा अंक लिहिणे म्हणजे जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे सांगणे होय.

वारंवार मोजूनही जे सापडत नाही

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. पाच वेळा मोजल्याने मोजणीतला घोळ सापडला, अंगठ्याची चूक घटली. परंतु गोळ्याचा मध्य विसरला गेला होता, ती चूक पन्नास वेळा मोजूनही सापडली नसती. प्रत्येक वेळी ती त्याच दिशेने, तेवढीच होत राहिली असती आणि सर्व वाचने एकमेकांशी सुरेख जुळली असती. वाचने एकमेकांशी जुळणे आणि ती खरी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन मिनिटांनी पुढे असलेले घड्याळ रोज नियमाने दोन मिनिटे पुढेच असते, आणि त्याच्या नियमितपणामुळे ते बरोबर ठरत नाही.

झोका मोठा असेल, तरी असेच होते. वर दिलेले सूत्र लहान झोक्यासाठी आहे. गोळा उभ्या रेषेपासून १० अंशांवर नेऊन सोडला, तर दोलनकाल सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढतो. हे चालण्यासारखे आहे. ३० अंशांवरून सोडला, तर g चे उत्तर जवळजवळ साडेतीन टक्क्यांनी कमी येते, आणि दर वेळी कमीच येते. म्हणून "झोका किती मोठा घेतलास?" हेही विचारावे लागते.

अशा एकाच दिशेने होणाऱ्या चुका शोधायच्या असतील, तर तीच मोजणी पुन्हा करण्याऐवजी काहीतरी बदलून मोजावे लागते. आपल्या उदाहरणात लांबी बदलता येईल. विद्यार्थ्याने दोरा आखूड करून हुकापर्यंतचे माप ५८ सेंटिमीटर केले आणि वीस आंदोलनांची सरासरी वेळ ३१.१ सेकंद आली असे समजू. आता गोळ्याचा मध्य दोन्ही वेळा विसरला, तरी बिघडत नाही. कारण ९८ आणि ५८ यांतील फरक ४० सेंटिमीटर आहे, आणि खऱ्या लांबी १०० व ६० यांतील फरकही ४० सेंटिमीटरच आहे. सुटलेले दोन सेंटिमीटर दोन्हीकडून सारखेच सुटले, म्हणून वजाबाकीत ते नाहीसे झाले. दोलनकालांचे वर्ग अनुक्रमे ४.०३ आणि २.४२. त्यांतील फरक १.६१. सूत्रात लांबीच्या जागी हा लांबीतला फरक आणि वर्गाच्या जागी हा वर्गांतला फरक घातला, की g ९.८ च्या आसपास येते, आणि तेही गोळ्याचा व्यास न मोजता. प्रयोगवहीत चार-पाच वेगवेगळ्या लांबी घेऊन आलेख काढण्यास सांगतात, त्याचे खरे कारण हे आहे. आलेखाच्या चढावरून काढलेल्या उत्तराला ती सुटलेली लांबी बाधत नाही.

पुस्तकातले ९.८ कोठले?

शेवटी, ज्या आकड्याच्या धाकाने वाचने बदलली जातात, त्या ९.८ कडेही प्रश्न विचारून पाहू. g सर्व पृथ्वीवर सारखे नसते. विषुववृत्तावर ते सुमारे ९.७८ असते आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे, त्यामुळे हा फरक पडतो. उंचावर गेल्यानेही ते थोडे घटते. रोहिणखेड सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांश आणि उंची यांचा हिशोब केला, तर येथे g सुमारे ९.७९ असावयास हवे. पुस्तकातील ९.८ हा सोयीसाठी पूर्ण केलेला आकडा आहे. आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर ९.७२ ते ९.८६ या पट्ट्यात आहे, आणि या पट्ट्यात ९.७९ ही बसते व ९.८० ही बसते. दोहोंतील फरक ओळखण्याची ताकद या दोऱ्यात आणि या घड्याळात नाही. ± ०.०७ हे लिहिले म्हणूनच हे आपल्याला सांगता येते. नुसते ९.७९ लिहिले असते, तर "आमच्या गावचे मूल्य अचूक मिळाले" असा खोटा अभिमानही वाटला असता.

हा फरक खरोखर मोजायचा असेल, तर किती काळजी घ्यावी लागते, याचे उदाहरण भारताच्या सर्वेक्षणाच्या इतिहासात आहे. १८६५ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षणातर्फे कॅप्टन बॅसेवी यांनी देशभर दोलकांनी गुरुत्व मोजण्याचे काम सुरू केले. त्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने धातूचे दोन दोलक दिले होते. दक्षिणेकडील टोकापासून हिमालयापर्यंत अनेक ठाण्यांवर ते झुलवण्यात आले, आणि मुंबईचा कुलाबा हेही त्यांपैकी एक ठाणे होते. दोलकावर हवेचा परिणाम होऊ नये, म्हणून तो हवा काढलेल्या बंद पात्रात झुलवीत. उन्हाने धातू प्रसरण पावून दोलकाची लांबी वाढते, म्हणून तापमानाची नोंद ठेवीत. एकच दोलक असता, तर प्रवासात तो किंचित बदलला की नाही, हे कळले नसते. दोन होते, म्हणून एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहता येत होती. १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर हे काम करीत असताना बॅसेवी मरण पावले, आणि उरलेले काम कॅप्टन हेविसाइड यांनी पूर्ण केले.

या मोजणीतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. उंची वाढल्यामुळे गुरुत्व किती घटेल, याचा हिशोब करता येत होता. त्यात पायाखालच्या प्रचंड पर्वताच्या ओढीची भर पडावयास हवी होती. प्रत्यक्षात ती भर जवळजवळ दिसलीच नाही आणि गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी भरले. वाचने अपेक्षेशी जुळत नव्हती, पण ती बदलण्यात आली नाहीत. पर्वताच्या खाली खोलवर हलका खडक असावा, हा विचार त्याआधी मांडला गेला होता. या वाचनांनी त्याला पुष्टी मिळाली. कोणी त्या ठाण्यांवरचे आकडे "बरोबर" करून घेतले असते, तर हिमालयाच्या मुळाशी काय आहे, याचा हा पुरावा वहीतच पुसला गेला असता.

म्हणून यापुढे कोणी धाकटा भाऊ किंवा बहीण आकडे पाठवून उत्तर मागेल, तेव्हा उलट टपाली एवढेच लिहावे : "माप कोणत्या एककात घेतले आणि कोठून कोठपर्यंत घेतले ते सांग. किती वेळा मोजलेस आणि प्रत्येक वेळी काय आले, ते सगळे आकडे पाठव, खोडलेलेसुद्धा. घड्याळ सुरू करताना शून्य म्हणालास की एक? झोका किती मोठा होता? पट्टी आणि घड्याळ यांच्यावर तुझा स्वतःचा भरवसा किती, तेही लिही." याची उत्तरे येईपर्यंत सूत्राला हात लावू नये. बहुतेक वेळा ही उत्तरे लिहिता लिहिता पाठवणाऱ्यालाच आपली चूक सापडते, आणि पुढचे गणित तो स्वतःच करतो.